रोज 49,000 भरले तरी एआयएसमध्ये 11 लाख 27 हजार, तेही माझ्या नावावर!

हळदीचं_पोतं | 28 ऑगस्ट 2025, रात्री 10.40

मंडळी, गणपती बसले, आरती झाली, म्हटलं आता निवांत रिटर्न भरून टाकू. यंदा 15 सप्टेंबरपर्यंत मुदत आहे म्हणून मी निर्धास्त होतो. लॉगिन करून एआयएस, म्हणजे आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचं इन्कम टॅक्सकडे असलेलं विवरण, उघडलं तर `SFT-004` खाली रोख भरणा 11,27,000. मी नोकरदार माणूस, पगार थेट खात्यात येतो. वर्षभरात मी रोख एक रुपया भरलेला नाही.

मग लक्षात आलं. आईचं बचत खातं आहे, त्यात दुसरं नाव माझं. त्या खात्यात जानेवारी ते मार्च या काळात आईने रोख भरली होती. हिशेब असा:

धाकट्या भावाच्या लग्नासाठी नोव्हेंबरमध्ये त्याच खात्यातून 8 लाख रोख काढले. हॉल, केटरिंग, बँड, सगळं ठरलं होतं. पुढे दोन्ही घरांनी मिळून रजिस्टर लग्न आणि छोटं जेवण एवढंच करायचं ठरवलं (कारणं विचारू नका, त्याचा वेगळा धागा होईल). अडीच लाख खर्च झाले, साडेपाच लाख कपाटात राहिले. आहेर जमला 1,62,000. आणि हळद गेली सांगलीला, तिचे 4,15,000 रोख आले. एकूण 11,27,000.

शेजारच्या काकांनी आईला सांगितलं, "पन्नास हजारांच्या आत भरा, पॅन लागत नाही, कुणाला कळत नाही." आईने इमानेइतबारे 23 वेळा 49-49 हजार भरले. स्लिपा सगळ्या जपून ठेवल्यात, रबर लावून.

प्रश्न: (1) पन्नास हजारांच्या आत भरूनही हे कळलं कसं? (2) माझ्या नावावर का? (3) आता टॅक्स पडणार का, आणि कुणाला? आईला पेन्शन आहे, वर्षाला 4 लाख 80 हजारांच्या आसपास. ती माजी शिक्षिका, कुणाचे पाच रुपये ठेवणार नाही अशी. परवापासून तिला झोप नाही.

---

पारावरचा_गण्या | 10.52

23 वेळा बँकेत! पासबुक भरून दुसरं घ्यावं लागलं असेल.

---

हळदीचं_पोतं | 10.55

@गण्या, घेतलं. चेष्टा नाही, खरंच घेतलं.

---

मोदकप्रिय | 11.10

सोपं आहे. 50 हजारांवर रोख भरली की बँक इन्कम टॅक्सला कळवते. 49 हजार असेल तर कळवत नाही. तुमच्या बँकेने चूक केली आहे, तक्रार करा.

---

निवृत्त_कॅशियर | 11.34

मोदकप्रिय, अर्धं बरोबर, अर्धं चूक. आणि लोकांना महाग पडतं ते हेच अर्धं. मी 31 वर्षं कॅश काउंटरला बसलो, त्यातली निम्मी वर्षं हेच समजावण्यात गेली.

पन्नास हजार ही कळवण्याची मर्यादा नाही. एका दिवसात पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख भरलीत तर पॅन नोंदवायचा, पॅन नसेल तर फॉर्म 60 द्यायचा, एवढाच तो नियम. पन्नास हजार एक रुपया भरला म्हणून त्या दिवशी कुणाला पत्र जात नाही. कळवण्याची मर्यादा वेगळी आहे, ती वर्षाची: एप्रिल ते मार्च मिळून, त्या बँकेतल्या तुमच्या चालू खातं सोडून बाकी खात्यांत, एकूण 10 लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ती आकडेवारी 31 मेपर्यंत पाठवते. तिथे एका वेळी किती भरले याला काही अर्थ नाही. संगणक फक्त बेरीज करतो. चालू खात्याला हीच मर्यादा 50 लाख आहे, आणि तिथे काढलेली रोखही मोजतात.

शिवाय पॅन स्लिपवर लिहिला नाही म्हणून बँकेला माहीत नाही असं कुठे आहे? केवायसी करताना दिलेला असतो, खात्याला जोडलेला असतो. स्लिपवरची रिकामी चौकट बघून शेजारच्या काकांना समाधान वाटतं, तेवढंच.

---

रानवाट | 29 ऑगस्ट, सकाळी 7.15

म्हणजे वर्षात 9 लाख 90 हजार भरले तर काही नाही?

---

निवृत्त_कॅशियर | 8.02

त्या यादीत नाही जाणार. पण याद्या तेवढ्या एकच नसतात. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल नावाची एक गोष्ट असते, तो दिल्लीला वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जातो. त्याला रकमेची खालची मर्यादाच नाही. आणि तो पाठवला हे ग्राहकाला सांगायला बँकेला कायद्याने मनाई आहे.

आता विचार करा, तो अहवाल कशावरून निघतो? दर दोन-तीन दिवसांनी 49 हजार, पुन्हा 49 हजार, पुन्हा 49 हजार. आमच्या वेळी सुद्धा संध्याकाळी सिस्टीम अशी खाती लाल करून दाखवायची. पेन्शनर बाईंनी एकदा साडेपाच लाख आणून पॅन लिहून भरले असते तर मी पैसे मोजून "चहा घेता का मॅडम" म्हटलं असतं. तेच पैसे अकरा वेळा तोडून आणले की मलाच प्रश्न पडायचा, की या लपवताहेत काय?

पोतंभाऊ, तुमच्या आईंनी काहीच चुकीचं केलेलं नाही, पैसा स्वच्छ आहे. फक्त स्वच्छ पैसा मळका दिसेल अशा पद्धतीने भरला. सल्ला देणाऱ्या काकांचं नाव सांगू नका, मी ओळखतो. प्रत्येक गल्लीत एक असतात.

---

सांजवात | 8.40

आमच्या एटीएममधून दिवसाला 25 हजारच निघतात. ती मर्यादा कशी वाढवायची? शाखेत अर्ज द्यावा लागतो का?

---

पारावरचा_गण्या | 8.44

सांजवातताई, धागा भरण्याचा चाललाय, तुम्ही काढायच्या मागे.

---

सांजवात | 8.51

माफ करा 😊 शीर्षकात 49,000 बघून मला वाटलं मशीनचाच विषय आहे. आमच्याकडचं भरायचं मशीन कार्डाशिवाय 49,900 च्या वर घेत नाही.

---

अकोलेकर | 9.30

काढण्यावरून आठवलं. नियम असा आहे की वर्षात 20 लाखांवर रोख काढली की बँक सगळ्यांचे 2 टक्के कापते. आमच्या मेव्हण्याचे कापले. मजूर ठेकेदार आहे, दर शनिवारी मजुरांचा पगार रोख लागतो. 26 लाख काढले वर्षात, 12 हजार गेले.

---

हिशेबनीस | 11.05

अकोलेकर, तुमच्या मेव्हण्यांनी मागची तीन वर्षं रिटर्न भरलं नव्हतं ना? विचारून बघा.

सगळ्यांचे कापत नाहीत. कलम 194एन. नियमित रिटर्न भरणाऱ्याला एका बँकेतून वर्षात 1 कोटीपर्यंत काहीही कपात नाही, त्यावरच्या रकमेवर 2 टक्के. सहकारी संस्थेला ही मर्यादा 3 कोटी. 20 लाखांची मर्यादा लागते ती लागोपाठच्या तिन्ही वर्षांचं रिटर्न न भरणाऱ्याला: 20 लाखांच्या वरच्या रकमेवर 2 टक्के, 1 कोटीच्या वर 5 टक्के. 26 लाखांतून 20 गेले, राहिले 6, त्याचे 2 टक्के 12 हजार. तुमचा आकडा बरोबर जुळतोय. तीनपैकी एका वर्षाचं रिटर्न जरी भरलेलं असतं तरी ते या कचाट्यात आले नसते.

आणि ते 12 हजार "गेले" नाहीत. तो टीडीएस आहे, 26एएस मध्ये दिसेल. रिटर्न भरून मागता येतो. काढलेली रोख म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्या 26 लाखांवर कर लागत नाही. फक्त रिटर्न न भरणाऱ्याला भरायला लावायची ही युक्ती आहे.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर दुपारी लिहिते, आत्ता ऑफिसात तुमच्यासारखेच चारजण बसलेत.

---

अकोलेकर | 11.20

विचारलं. म्हणाला, "भरायचं राहून गेलं." तीनही वर्षं. धन्यवाद ताई, आजच घेऊन बसतो त्याला.

---

मोदकप्रिय | 12.15

म्हणून मी म्हणतो, पतसंस्थेत ठेवा. तिथे कुणी विचारत नाही.

---

निवृत्त_कॅशियर | 12.40

अहो मोदकप्रिय, तुम्ही लोकांना विहिरीतून काढून आडात टाकताय. पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे. तिला 20 हजार किंवा त्यावरची ठेव रोखीत घेताच येत नाही. घेतली तर तेवढाच दंड तिच्यावर. आता काही ठिकाणी घेतात आणि 19-19 हजारांच्या पावत्या करतात, तो भाग वेगळा.

---

हिशेबनीस | दुपारी 3.20

हं, आता पोतं उघडूया.

पहिला प्रश्न कॅशियरकाकांनी संपवला. दुसरा: माझ्या नावावर का? संयुक्त खातं असेल तर बँकेने पूर्ण रक्कम प्रत्येक खातेदाराच्या नावे दाखवायची, असं नियमातच आहे. निम्मी-निम्मी नाही, पूर्ण. म्हणजे तुमच्या आईंच्या एआयएसमध्येही 11,27,000 दिसत असणार. उघडून बघा. रक्कम दोनदा दिसते, पैसे एकदाच आहेत. हा दरवर्षीचा गोंधळ आहे. बायकोच्या खात्यात नवरा, आजोबांच्या खात्यात नातू, आणि एआयएस बघून सगळे हादरतात.

तिसरा, टॅक्स. एआयएसमधली ही ओळ म्हणजे तुमचं उत्पन्न असं कुणी म्हटलेलं नाही. एवढी रोख जमा झाली, एवढीच ती माहिती. प्रश्न आलाच तर एकच येतो: आली कुठून? उत्तर देता आलं नाही तर मात्र खेळ महाग आहे. खुलासा नसलेल्या रकमेवर 60 टक्के कर, त्या करावर 25 टक्के अधिभार, वर सेस, मिळून 78 टक्के. म्हणून तीन ढिगांचा वेगवेगळा विचार करा.

पहिला ढीग, साडेपाच लाख. हे बँकेतूनच निघालेले आणि बँकेतच परत आलेले. बचत खात्यातून काढलेली रोख बँक त्या यादीत कळवत नाही, त्यामुळे भरलेले समोरच्याला दिसतात आणि काढलेले दिसत नाहीत. ते तुम्हालाच दाखवायचंय. नोव्हेंबरच्या पानाची पासबुकची प्रत, हॉलची आणि केटरिंगवाल्याची रद्द केल्याची चिठ्ठी किंवा व्हॉट्सॅप संदेश, आणि झालेल्या अडीच लाखांच्या खर्चाच्या पावत्या. काढल्यापासून भरेपर्यंत दोन ते चार महिने गेलेत, हे काही फार नाही. दोन वर्षांनी कुणी म्हणालं की तेच पैसे परत आणले, तर विचारतात की मधल्या काळात कपाटात काय करत होते.

दुसरा ढीग, आहेर. इथे एक खोच आहे. लग्नाचा आहेर करमुक्त असतो तो ज्याचं लग्न त्याला. तुमच्या भावाला आणि वहिनीला. तुमच्या आईच्या हातात शेजाऱ्याने, मैत्रिणीने, सहकाऱ्याने पाकीट दिलं आणि ते आईचंच धरलं, तर लग्नाची सूट तिला नाही. जवळच्या नात्यातल्यांचं चालतं, बाकीच्यांचं मिळून वर्षात 50 हजारांवर गेलं की करपात्र. तुमच्याकडे आहेराची वही आहे का?

तिसरा ढीग, हळद. पट्ट्या कुणाच्या नावावर आहेत? आणि एका वेळी किती रोख मिळाली?

---

हळदीचं_पोतं | 5.05

ताई, वही आहे! आत्याने लिहिली आहे. पहिल्या पानावर कुंकवाची बोटं, खाली नावं. "ना. पाटील सर 501", "शेजारचे काका 251" (हो, तेच काका). बहुतेक पाकिटांवर भावाचं आणि वहिनीचं नाव आहे. पैसे आईकडे ठेवायला दिले एवढंच.

आईचं एआयएस उघडलं. तिथेही तेच 11,27,000. बघून तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं दोनदा नाही, एकच आहे, तर म्हणाली "मग दोनदा छापलं कशाला?"

हळदीच्या तीन पट्ट्या: 1,48,000, 1,35,000 आणि 1,32,000. वेगवेगळ्या दिवशीच्या. पहिल्या दोन आईच्या नावावर. तिसरी चुलत्याच्या नावावर, कारण त्या दिवशी त्यांचा माल आणि आमचा माल एकाच टेम्पोत गेला. अडत्याने एकच पट्टी केली, काकांनी आमचे 1,32,000 आणून दिले. आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. वारसनोंद राहिली आहे.

---

पारावरचा_गण्या | 5.11

काका 251 आहेर आणि सल्ला फुकट.

---

हिशेबनीस | 6.30

आहेराचं काम झालं. पाकिटं दांपत्याची, त्यांना करमुक्त. मुलाने आईला दिलेले पैसेही करमुक्तच, आई-मुलगा नात्यात येतात. वहीचे फोटो काढा, आणि भावाकडून एक साधं पत्र घ्या की लग्नात मिळालेले 1,62,000 मी आईच्या खात्यात भरायला दिले.

हळदीत एक गोष्ट चांगली झाली. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारात, 2 लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढाच दंड. शेतकऱ्याला यात वेगळी सूट नाही, हे गावाकडे फार थोड्यांना माहीत आहे. तुमच्या तिन्ही पट्ट्या 2 लाखांच्या आत, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या मालाच्या. त्यामुळे प्रश्न नाही. एकाच मालाचे पैसे तीन दिवसांत तोडून घेतले असते तर पळवाट चालली नसती, कारण एका व्यवहाराची बेरीज वेगळी धरतात.

तिसरी पट्टी मात्र अडचणीची. चुलत्यांकडून सहीचं लिहून घ्या: पट्टीत एकूण माल किती, त्यात आईंचा किती, रक्कम किती दिली. नाहीतर उद्या ते 1,32,000 त्यांचं उत्पन्न आणि तुमच्या आईच्या खात्यात कुठून आले, असं दिसतं. वारसनोंद करून घ्या. सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी कसणारी आई हे पीकपाण्यावरून दाखवता येतं, पण दरवेळी दाखवत कशाला बसायचं.

आणि महत्त्वाचं: आईंचं रिटर्न ITR-1 मध्ये भरू नका. शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर तो फॉर्म चालत नाही, ITR-2 लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दाखवायचं असतं. पेन्शनवरचा दर ठरवताना ते धरतात. खर्च वजा करून जे उरेल ते लिहा: बेणं, खत, मजुरी, शिजवणं, पॉलिश, टेम्पो, अडत. 4 लाख 80 हजारांची पेन्शन असेल आणि नवी पद्धत घेतली, तर रिबेट धरून माझ्या हिशेबाने कर शून्यच येईल. पण आकडे टाकून बघा, मी त्यांचं व्याज पाहिलेलं नाही.

---

हळदीचं_पोतं | 6.48

अरेरे. मी दरवर्षी आईचं ITR-1 च भरतो. शेती करमुक्त म्हणून लिहिलीच नाही कधी.

---

निवृत्त_कॅशियर | 7.10

हेच ते. काळं काही नसतं, लिहिलेलं नसतं. मग रोख अचानक उगवल्यासारखी दिसते. दरवर्षी हळद दाखवली असती तर यंदाची रोख बघून कुणाच्या भुवया उंचावल्या नसत्या.

---

वाशीची_मावशी | 7.45

नोटबंदीची आठवण झाली. 9 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर 2016. तेव्हा बचत खात्यात त्या दिवसांत अडीच लाख झाले की कळवायचे. माझ्या सासूबाईंनी डाळीच्या डब्यातून 84 हजार काढले होते. सासऱ्यांना 40 वर्षांच्या संसारात पत्ता नव्हता. भरताना त्यांचं एकच म्हणणं, "यांना कळलं, आता सरकारला कळलं तरी चालेल."

---

पारावरचा_गण्या | 7.50

मावशी, धागा जिंकलात 🙏

---

रानवाट | 30 ऑगस्ट, सकाळी 6.50

माझा प्रश्न राहिला. पोतंभाऊंनी आता स्वतःच्या एआयएसमध्ये काय करायचं? तिथे प्रतिक्रिया द्यायची सोय आहे ना? `Information is denied` करून मोकळं व्हायचं. माझ्या मित्राने तेच केलं.

---

हिशेबनीस | 9.40

नको. माहिती खोटी नाही. खातं तुमचंही आहे, भरणा झालाय. नाकारलंत तर बँकेला विचारतील, बँक म्हणेल बरोबर आहे, आणि मग तुम्ही खोटे. मी सहसा `Information relates to other PAN/Year` निवडून आईचा पॅन देते.

---

कोरा_चेक | 10.25

हिशेबनीसताई, आदर ठेवून असहमत. मीही याच धंद्यात आहे, नाशिकला. आईंच्या एआयएसमध्ये 11,27,000 आधीच आहेत. तुम्ही मुलाचे 11,27,000 आईच्या पॅनवर ढकललेत, तर आईकडे कागदावर 22,54,000 होऊ शकतात. वर सांगता की पैसे एकदाच आहेत. मग मुलाने काहीच का करू नये? रोख भरणा ही उत्पन्नाची ओळ नाही, रिटर्नमध्ये तिचा रकाना नाही. कागद फाईलला लावायचे, विचारलं तर द्यायचे. मी पंधरा-वीस जणांचं असंच सोडलंय.

---

हिशेबनीस | 10.58

कोरा_चेक, दुप्पट होण्याचा मुद्दा बरोबर आहे. पण काही न करता सोडलेल्यांपैकी माझ्या दोन जणांना इन्कम टॅक्सच्या ई-कॅम्पेनचा, म्हणजे खुलासा विचारणारा, मेसेज आला. उत्तर देऊन मिटलं, पण रात्रीची झोप गेली त्यांची. `Information is not fully correct` करून स्वतःची रक्कम शून्य लिहिणारेही आहेत. तेही मला पूर्ण पटत नाही.

---

कोरा_चेक | 11.06

मेसेज आला म्हणजे नोटीस नव्हे. तुमच्या त्या दोघांनी आधी प्रतिक्रिया दिली असती तरी मेसेज आला नसता, असं कुठे आहे? 🙂

---

मोदकप्रिय | 11.30

दोन सीए, तीन मतं. आम्ही काय करायचं?

---

निवृत्त_कॅशियर | 11.42

तुम्ही फक्त सल्ला देऊ नका.

---

हळदीचं_पोतं | 2 सप्टेंबर, रात्री 9.15

गौरी जेवल्या, काल हे काम घेऊन बसलो. काय केलं ते लिहितो.

आईचं ITR-2 भरलं. हळदीचा खर्च काढायला आख्खी दुपार गेली. मजुरीचं टिपण आईने कॅलेंडरच्या मागे लिहिलं होतं: "मंगळ. 6 बाया, काढणी". शिजवणाऱ्याची आणि पॉलिशवाल्याची चिठ्ठी सापडली, खताच्या पावत्या होत्या. खर्च जाऊन 2 लाख 90 हजारांच्या आसपास उरले, ते दाखवले. कर शून्य आला, हिशेबनीसताई म्हणाल्या तसा.

चुलत्यांनी लिहून दिलं, आधी कुरकुर करून. "आपल्यात कागद कशाला" म्हणाले. आईनेच त्यांना सांगितलं की आपल्यात नाही, तिकडच्यांना लागतो. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे सोमवारी जायचंय.

एक फाईल केली: पासबुकची पानं, केटरिंगवाल्याचा संदेश (त्याने "आडव्हान्स परत नाही" असंही लिहिलंय, तेही पुरावाच), आहेराची वही, भावाचं पत्र, पट्ट्या, आणि त्या 23 स्लिपा. रबर आईने काढू दिलं नाही.

माझ्या एआयएसमध्ये अजून काही केलेलं नाही. दोन्ही बाजू चार वेळा वाचल्या, ठरत नाही.

---

अकोलेकर | 9.40

मेव्हण्याचं रिटर्न भरलं. 12 हजार परत मिळण्याच्या यादीत दिसतायत. त्याने विचारलं, "मग आता दर शनिवारी कितीही काढू का?"

---

हिशेबनीस | 9.52

त्यांना सांगा, काढा, पण मजुरांच्या सह्यांचं रजिस्टर ठेवा. आणि एका मजुराला एका दिवसात 10 हजारांच्या वर रोख दिली तर खर्च म्हणून धरत नाहीत. तो वेगळा धागा होईल.

पोतं, स्वतःचं रिटर्न भरायचं विसरू नका. आईच्या नादात तुमचंच राहील.

---

हळदीचं_पोतं | 10.20

राहिलंच आहे ताई. उद्या.

आणि हो, शेजारचे काका काल आरतीला आले होते. आईने त्यांना प्रसाद दिला आणि विचारलं, "तुमचं जॉइंट खातं कुणाबरोबर आहे हो?" म्हणाले सुनेबरोबर. तेव्हापासून गप्प आहेत.